२५ टक्के कुठून आले? रसायन कारखान्यांच्या भरती विभागांना खुलं पत्र

रसायन आणि बल्क ड्रग कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागप्रमुखांना,



लोटे परशुराम, महाड, रोहा, तारापूर, कुरकुंभ. जाहिरात कुठलीही असो, ‘प्रोसेस इंजिनिअर पाहिजे, अनुभव ५ ते ८ वर्षं’ असं छापलं की तुमच्याकडे रिझ्युमेंचा ढीग पडतो. तुम्ही तो चाळता आणि उरलेला गठ्ठा तांत्रिक मुलाखतीसाठी आमच्यासारख्या निवृत्त प्लांटवाल्यांपुढे ठेवता. त्या गठ्ठ्यातले बहुतेक कागद एकाच साच्यातून निघालेले असतात. साचा मुलांनी बनवलेला नाही, तुमच्या अर्जाच्या नमुन्याने बनवला आहे. त्यात चार चौकोन असतात: उत्पादनवाढ, यील्ड, सेफ्टी स्टडी, शटडाऊन. प्रत्येक चौकोनात एक ओळ बसते, आणि ओळीत एक टक्केवारी असली की तुमची खूण पडते.

नमुन्यादाखल चार ओळी घेऊ. कुणा एकाच्या नाहीत, पण तुम्ही त्या शेकडो वेळा वाचल्या असतील.

‘पॅरासिटामॉल क्रूड प्लांटचा थ्रूपुट २५ टक्क्यांनी वाढवला. यील्ड ८८ वरून ९३ टक्क्यांवर नेलं. हॅझॉप अभ्यासात सहभाग. वार्षिक शटडाऊनचं यशस्वी नियोजन.’

या ओळी लिहिणारा माणूस हिऱ्यासारखा असू शकतो, आणि तुमच्या प्लांटला आग लावणाराही असू शकतो. ओळींवरून ते कळत नाही, हीच माझी तक्रार आहे. कळावं कसं, ते याच प्लांटचा हिशेब मांडून सांगतो. आकडे समजायला सोपे असे घेतले आहेत, पण रसायन खरं आहे.

पॅरा ॲमिनो फिनॉल, म्हणजे प्लांटच्या भाषेत पॅप, पाण्यात ढवळत ठेवायचं, गरम करायचं आणि वरून ॲसेटिक ॲनहायड्राइड सोडायचं. पॅरासिटामॉल तयार होतं, सोबत ॲसेटिक ॲसिड सुटतं. मग बॅच थंड करायची, स्फटिक सेंट्रिफ्यूजवर गाळायचे, पाण्याने धुवायचे. हा झाला क्रूड टप्पा. शुद्धीकरण पुढे वेगळं.

समजा एका बॅचला रिॲक्टर असा अडकतो: भरणं आणि तापवणं २ तास, ॲनहायड्राइड सोडणं ४ तास, होल्ड १ तास, थंड करणं ४ तास, आणि सेंट्रिफ्यूजवर उतरवणं ४ तास. एकूण १५ तास. महिन्याचे ७२० तास धरले तर कागदावर ४८ बॅचेस. २५ टक्के वाढ म्हणजे ६० बॅचेस, म्हणजेच बॅचमागे १२ तास. ३ तास कुठून तरी काढायचे आहेत.

ते दोन ठिकाणांहून निघू शकतात. पहिला उपाय फुकटचा आहे. ॲनहायड्राइड ४ तासांऐवजी १ तासात सोडायचं. व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडायचा, बस्स. दुसऱ्या उपायाला पैसे आणि डोकं लागतं. उतरवण्याच्या ४ तासांत रिॲक्टर नुसता स्लरी धरून उभा असतो, कारण सेंट्रिफ्यूज एका वेळी थोडाच माल घेतो. शेजारी ढवळणी असलेली एक होल्डिंग व्हेसल उभी केली, तर रिॲक्टर तासाभरात तिच्यात रिकामा होतो आणि पुढच्या बॅचला मोकळा होतो. सेंट्रिफ्यूज आपल्या गतीने त्या व्हेसलमधून माल घेत राहतो.

दोन्ही उपायांनी १५ चे १२ तास होतात, आणि दोघांच्याही रिझ्युमेत ‘थ्रूपुट २५ टक्क्यांनी वाढवला’ हीच ओळ येते.

पहिल्या उपायात काय दडलं आहे ते पाहा. तीच उष्णता चौपट वेगाने सुटणार, आणि ती काढणारं जॅकेट तेवढंच राहणार. ५०० किलो पॅपच्या बॅचला थोडं जास्तीचं धरून ५१० किलोच्या आसपास ॲनहायड्राइड लागतं. ते पाण्याशीही उष्णता सोडतच जुळतं, मोलमागे ५८ किलोज्यूलच्या घरात. पॅपशी होणाऱ्या प्रक्रियेत याहून जास्त उष्णता निघते, पण आपण कमीत कमी धरू. तेवढ्यावरही सगळं ॲनहायड्राइड एकदम पेटून उठलं आणि थंडावा मिळाला नाही, तर सुमारे २७०० किलोची बॅच ३० अंशांनी तरी वर जाईल. ७५ अंशांवर चाललेली बॅच म्हणजे उकळीच्या पार. मॅनहोल, व्हेंट, कंडेन्सर, सगळीकडून वाफ आणि ॲसिड.

एरवी असं होत नाही, कारण प्रक्रिया जलद आहे. थेंब पडला की संपतो, साठत नाही. पण ढवळणी बंद पडली की साठतो. ॲनहायड्राइड पाण्याहून जड असतं आणि पाण्यात लगेच मिसळत नाही. ते खाली जाऊन बसतं. तापमापी शांत असते, उलट थोडी उतरते, आणि ऑपरेटरला वाटतं की बॅच थंड पडली. मग कुणीतरी ढवळणी पुन्हा सुरू करतं. अपघात होतो तो या क्षणी, ढवळणी थांबते तेव्हा नाही. जो प्लांट ४ तासांत सोडायचं ते १ तासात सोडतो, तिथे ढवळणी बंद असलेल्या प्रत्येक मिनिटाला चौपट माल तळाशी जमतो.

म्हणून माझी विनंती अशी की थ्रूपुट आणि हॅझॉप यांचे चौकोन वेगळे ठेवू नका. ज्याने उत्पादन वाढवलं त्याने त्या वाढीचा धोका तपासला होता का, हे एकाच परिच्छेदात दिसलं पाहिजे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे टी टू लॅबोरेटरीज या कारखान्यात १९ डिसेंबर २००७ रोजी रिॲक्टर फुटला, ४ माणसं गेली आणि ३२ जखमी झाली. तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या चौकशीत आढळलं की ४२ व्या बॅचपासून बॅचचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढवला होता, आणि त्या वाढीचा वेगळा अभ्यास झाल्याची नोंद नव्हती. थंडाव्याला पाण्याची एकच लाइन होती, पर्याय नव्हता. स्फोट झाला तो १७५ व्या बॅचला. मधल्या शंभराहून जास्त बॅचेस पार पडल्या होत्या. त्या काळात कुणी रिझ्युमे लिहिला असता तर ‘बॅच साइज ३३ टक्क्यांनी वाढवली’ ही ओळ अगदी खरी ठरली असती.

‘हॅझॉप अभ्यासात सहभाग’ या ओळीचंही तेच. सहभाग म्हणजे काय? हॅझॉपच्या खोलीत चहा सांगणाराही असतो. त्या माणसाची भूमिका काय होती, तो नोंदी घेणारा होता की प्रोसेसच्या बाजूने उत्तरं देणारा, हे एका शब्दात लिहिता येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एक शिफारस पूर्ण लिहू द्या. आपल्या उदाहरणात ती अशी असेल: ‘ढवळणी थांबली की ॲनहायड्राइडचा व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हावा, आणि तापमान कमी असलं तरीही बंद व्हावा.’ इतकं लिहिलं की मुलाखतीला धरायला काहीतरी मिळतं. मी पुढे विचारतो, ‘ढवळणी थांबली हे व्हॉल्व्हला कसं कळतं?’ निम्मे उमेदवार म्हणतात, मोटरच्या स्टार्टरवरून. म्हणजे मोटर चालू आहे म्हणून ढवळणी चालू आहे असं धरलं. कपलिंग तुटलं, की मोटर मजेत फिरत राहते आणि शाफ्ट उभा असतो. ज्याने तो इंटरलॉक खरोखर बसवला आहे तो शाफ्टवरच्या स्पीड सेन्सरची किंवा मोटरच्या पॉवरची गोष्ट काढतो, आणि हळूच हेही सांगतो की सेन्सर पहिल्या दोन महिन्यांत खोटे ट्रिप द्यायचा म्हणून प्रॉडक्शनवाल्यांनी तो बायपास करून ठेवला होता. असा माणूस दिसला की मी पुढचे प्रश्न विचारत नाही. त्याने प्लांट पाहिला आहे.

शिफारस केव्हा सुचवली आणि केव्हा पुरी झाली, या दोन तारखाही रिझ्युमेत असाव्यात. हॅझॉपच्या फायलींत ‘ओपन’ असा शिक्का मारून पडलेल्या शिफारशी किती असतात, ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता यील्डकडे येतो. इथे हिशेब अगदी किराणा दुकानाच्या वहीइतका सरळ आहे, पण तो रिझ्युमेत कुणी मांडत नाही.

५०० किलो पॅपपासून शंभर टक्के यील्डने ६९३ किलो पॅरासिटामॉल मिळायला हवं. ८८ टक्के म्हणजे ६१० किलो, ९३ टक्के म्हणजे ६४४ किलो. मधले ३४ किलो आधी कुठे जात होते? ते सांगता आलं तर यील्ड वाढवलं असं म्हणायचं. नाहीतर यील्ड वाढलं, आणि तुम्ही तिथे हजर होतात.

पहिली जागा मदर लिकर. पॅरासिटामॉल पाण्यात थोडं विरघळतं. ३० अंशांना किलोभर पाण्यात १७ ग्रॅमच्या थोडं वर, ५ अंशांना ८ ग्रॅमच्या थोडं वर. बॅचमागे २००० किलो मदर लिकर धरलं तर ३० अंशांना ३५ किलो माल त्यात निघून जातो, ५ अंशांना १६ किलो. म्हणजे बॅच नीट थंड केली तर १८ किलो वाचतात, अडीच टक्क्यांहून थोडं जास्त. मदर लिकरमध्ये ॲसेटिक ॲसिडही असतं आणि त्यामुळे विरघळण्याचं प्रमाण वाढतं, म्हणून पुस्तकातला आकडा पुरत नाही. लॅबने मदर लिकरचा असे काढलेला असला पाहिजे, थंड करण्याआधीच्या दिवसांचा आणि नंतरचाही.

दुसरी जागा धुण्याचं पाणी. ८०० किलो साध्या पाण्याने केक धुतला तर जास्तीत जास्त १४ किलो माल वाहून जाऊ शकतो, गार पाण्याने धुतला तर साडेसहा. इथे ७ किलो. दोन्ही मिळून २५ किलो झाले.

उरले ९ किलो, म्हणजे सव्वा टक्का. ते थंडाव्यातून येऊ शकत नाहीत. अशा वेळी मी उमेदवाराला विचारतो, ‘त्या सहा महिन्यांत पॅपचा पुरवठादार बदलला का?’ कारण यील्ड जर पोत्यावरच्या वजनावर काढलं असेल आणि नवा माल ९८ ऐवजी ९९.३ टक्के शुद्ध येत असेल, तर एवढा फरक आपोआप पडतो. ते यील्ड पर्चेसवाल्याचं. दुसरी शक्यता ओल्या केकची. क्रूड माल ओलाच वजन करतात आणि नमुन्यातल्या ओलाव्याने गुणून कोरडा आकडा काढतात. नमुना केकच्या कोरड्या भागातून घेतला तर प्लांटचं यील्ड कागदावर फुगतं, आणि पुढच्या शुद्धीकरण प्लांटचं तेवढंच खाली येतं. मग दोन्ही प्लांटांचे मॅनेजर महिन्याच्या मीटिंगमध्ये भांडतात. (हे भांडण ज्याने मिटवलं आहे, त्याला पाच गुण जास्त द्यावेत.) तिसरी शक्यता मदर लिकर परत वापरण्याची. त्याने यील्ड झकास वाढतं, पण अशुद्धीही गोळा होत जाते आणि क्रूडचा रंग बिघडायला लागतो. किती वेळा फिरवलं आणि कुठे थांबलं, हे सांगता आलं पाहिजे.

आता थ्रूपुट आणि यील्ड शेजारी ठेवून पाहा. बॅच ३० वरून ५ अंशांना न्यायची तर ब्राइनवर दोनेक तास जास्त लागतात. रिॲक्टरमध्ये केलं तर १५ तासांचे १७ होतात, म्हणजे यील्ड वाढलं आणि उत्पादन घटलं. पण होल्डिंग व्हेसल असेल तर शेवटचा थंडावा तिच्यात देता येतो. तिथे माल घेणं १ तास, थंड करणं २ ते ३ तास, सेंट्रिफ्यूज ४ तास, मिळून ७ ते ८ तास. रिॲक्टरच्या १२ तासांत हे आरामात बसतं. एकाच व्हेसलने दोन्ही आकडे दिले. ही गोष्ट तुमच्या चार चौकोनांत चिरली की त्यातला इंजिनिअर दिसेनासा होतो.

आणखी एक गोष्ट, जी रिझ्युमेत जवळपास कुणीच लिहीत नाही. ४८ बॅचेसचे ६१० किलोप्रमाणे महिन्याला २९.३ टन होत होते. ६० बॅचेसचे ६४४ किलोप्रमाणे ३८.६ टन होतात. म्हणजे माल ३२ टक्क्यांनी वाढला, २५ नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रावर प्रत्येक उत्पादनाची मात्रा छापलेली असते. तिथे ३५ टन लिहिलं असेल तर या उमेदवाराने उल्लंघनच आपल्या कर्तबगारीत लिहून दिलं. शिवाय १२ जादा बॅचेसचं महिन्याला २४ टन मदर लिकर, ॲसेटिक ॲसिडसकट, ईटीपीकडे जाणार. ‘संमतीतली मात्रा आधी वाढवून घेतली’ किंवा ‘उत्पादन संमतीच्या आत ठेवून उरलेल्या वेळात दुसरा माल घेतला’, असं अर्धं वाक्य रिझ्युमेत सापडलं तर ते अधोरेखित करा. ॲसेटिक ॲनहायड्राइड तर अमली पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रित आहे, त्याच्या आवक-जावकेची नोंद ठेवावीच लागते. तो साठा आणि बॅच शीटवरचा खप जुळतात का, हे पाहिलं तर यील्डच्या गप्पांची सहज पडताळणी होते.

शटडाऊनबद्दल थोडक्यात. होल्डिंग व्हेसल जोडायची ती शटडाऊनमध्येच, म्हणून ही ओळही वेगळी नाही. ‘यशस्वी’ हा शब्द मात्र कटाक्षाने खोडावा. शटडाऊनच्या तारखा कशाने ठरल्या, ते वाचायला मिळावं. बहुधा बॉयलरच्या वार्षिक तपासणीने त्या बांधलेल्या असतात. कोकणात गणपतीही पाहावे लागतात, फिटर आणि वेल्डर गावी गेले की पैसे मोजूनही हात मिळत नाहीत. मग क्रिटिकल पाथवर काय होतं ते यावं. आपल्या उदाहरणात व्हेसल पायावर चढवणं आणि रिॲक्टरच्या तळाच्या लाइनला जोडणं, एवढंच दिवस खाणारं काम. बाकी कामं त्याच्या सावलीत होतात. आणि उघडल्यावर काय सापडलं? ग्लास लाइन्ड रिॲक्टरची स्पार्क टेस्ट घेतली, काचेत सुईएवढं भोक निघालं, टँटलमचा प्लग बसवला, १० दिवसांचे साडेअकरा झाले. असं लिहिणाऱ्याला तुम्ही ‘डेडलाइन चुकवली’ म्हणून बाजूला काढता. मी त्याला आधी बोलावतो. दीड दिवस वाचवायला भोक झाकून पुढे गेला असता, तर ॲसिडने काही आठवड्यांत लोखंड खाल्लं असतं.

त्याला एवढं मात्र विचारा, की ब्लाइंडची यादी कुणी ठेवली होती, आणि सुरू करण्याआधी सगळ्या ब्लाइंड निघाल्याची सही कुणाची होती. पहिल्या बॅचआधी पाण्यावर ट्रायल घेतली का, तेही विचारा.

हे सगळं रिझ्युमेत मावतं. मी मांडून दाखवतो:

‘पाण्यातली ॲसिलेशन बॅच प्रक्रिया. रिॲक्टर सायकल १५ वरून १२ तास. उतरवताना रिॲक्टर अडकत होता, होल्डिंग व्हेसल जोडून मोकळा केला. ॲडिशनचा वेळ बदलला नाही. शेवटचा थंडावा त्याच व्हेसलमध्ये ५ अंशांपर्यंत. मदर लिकर आणि वॉशच्या असेवरून यील्डमध्ये साडेतीन टक्के वाढ, वर दिसणारी बाकी वाढ कच्च्या मालाच्या शुद्धतेची. बदलाच्या हॅझॉपमध्ये प्रोसेस प्रतिनिधी. ढवळणीच्या शाफ्ट स्पीडवर डोसिंग बंद करणारा इंटरलॉक सुचवला, पहिल्या बॅचआधी तपासून चालू केला. जोडणी वार्षिक शटडाऊनमध्ये. नियोजन १० दिवस, प्रत्यक्ष साडेअकरा, कारण ग्लास लायनिंगची दुरुस्ती. वाढीव उत्पादन मंजूर संमतीच्या आत.’

अकरा छोटी वाक्यं झाली. यात उत्पादनाचं नाव नाही, रेसिपी नाही, कंपनीचं कुठलं गुपित नाही. हा मुद्दा मुद्दाम सांगतो, कारण काही मुलाखतींत आमच्याच बाजूचे लोक उमेदवाराकडून आधीच्या कंपनीचं तापमान, मोल रेशो, कॅटलिस्टचा पुरवठादार काढून घ्यायला बघतात. तो ‘सर, ते सांगता येणार नाही’ म्हणाला की चेहरे उतरतात. तसं म्हणणाऱ्याला घ्या. जो घडाघडा सांगतो, तो दोन वर्षांनी तुमचंही सांगणार आहे.

तेव्हा पुढच्या जाहिरातीपासून अर्जाचा नमुना बदला. चार चौकोन काढा आणि अर्ध्या पानाची एक कोरी जागा द्या. वर लिहा: ‘तुम्ही प्लांटमध्ये केलेला एक बदल सांगा. आधी काय अडत होतं, काय बदललं, आकडा कशावर मोजला, कोणता धोका तपासला, बंद काळात कसं बसवलं.’ चाळणी लावायला तुम्हाला जरा जास्त वेळ लागेल हे मान्य आहे. पण तुमच्या विभागात कुणी केमिकल इंजिनिअर नसेल, तर हे अर्धं पान वाचायला प्लांटमधल्या एखाद्या शिफ्ट इन्चार्जला दुपारी तासभर बोलवा. कपलिंग तुटलं की काय होतं, हे त्याला कागदावरून कळतं.

आपला,
एक निवृत्त प्लांट मॅनेजर